‘बँक’च्या डोक्यावर नेमकं काय आहे?

‘बँक’ हा शब्द कागदावर हाताने लिहा आणि ‘ब’च्या डोक्यावर काढलेल्या खुणेकडे पाहा. एक उताणी चंद्रकोर, तिच्यात एक टिंब. ही एक खूण आहे की दोन? बहुतेक जण म्हणतील, एकच, चंद्रबिंदू. मराठीच्या हिशोबाने मात्र त्या दोन आहेत आणि दोघींची कामं वेगळी. हाताने लिहिताना याने काही बिघडत नाही. संगणकावर शोध घेताना, याद्या लावताना मात्र चांगलंच बिघडतं.

आधी चंद्राचं बघू. मराठीच्या जुन्या बाराखडीत ‘ए’ आहे, ‘आ’ आहे, ‘ओ’ आहे. इंग्रजीतले दोन स्वर नेमके यांच्या फटीत बसतात. ‘पान’ म्हणा, मग ‘पेन’ म्हणा. जबडा ‘पान’ला पुरता उघडतो, ‘पेन’ला बराच मिटतो. या दोहोंच्या मध्ये जबडा थांबवला की ‘पॅन’ मिळतो. तसंच ‘हाल’ आणि ‘होल’ यांच्या मध्ये ‘हॉल’. पान-पॅन-पेन आणि हाल-हॉल-होल हे सहाही शब्द आपण रोज बोलतो आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. म्हणून या दोन स्वरांना स्वतंत्र खुणा लागल्या: नुसता अर्धचंद्र आणि काना घेतलेला अर्धचंद्र. अक्षरावर चढले की ते ‘कॅ’ आणि ‘कॉ’, स्वतंत्र उभे राहिले की ‘ॲ’ आणि ‘ऑ’.

या खुणा रुळण्याआधी लोक हाती असलेल्या अक्षरांवर भागवत होते. जुन्या छापील मजकुरात ‘ब्यांक’, ‘म्यानेजर’, ‘आफिस’, ‘डाक्टर’ अशी रूपं भेटतात. ‘ब्यांक’ ही युक्ती वाईट नव्हती. नेपाळीत आजही असे बरेच शब्द याच पद्धतीने लिहितात. पण त्यात ‘य’ उगाच ऐकू येतो. पुढे अर्धचंद्र सर्वमान्य झाला आणि राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत रीतसर जागा मिळाली. बाराखडीची ‘चौदाखडी’ झाली ती या दोघांमुळे.

हिंदीवाल्यांनी ‘बैंक’ लिहून काम भागवलं, मग आपण का नाही? महाराष्ट्रातल्या कुठल्याही राष्ट्रीयीकृत बँकेच्या पाटीवर ‘बैंक’ आणि ‘बँक’ शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे हा प्रश्न पडतोच. कारण साधं आहे. हिंदीत ‘ऐ’चा उच्चार सपाट होतो, ‘पैसा’, ‘है’ म्हणताना हिंदीभाषक जो स्वर काढतो तो ‘बॅग’मधल्या स्वराच्या अगदी जवळचा आहे. मराठीत ‘ऐ’ म्हणजे ‘अइ’. आपण ‘पैसा’ म्हणजे ‘पइसा’च म्हणतो. मराठी माणसाने ‘बैंक’ मराठी म्हणून वाचलं तर ‘बइंक’ होईल. त्यामुळे मराठी मजकुरात ‘कैमरा’, ‘बैग’, ‘मैनेजर’ दिसलं की ते हिंदीतून उचललेलं आहे हे लगेच ओळखावं. मराठीत ही रूपं चूकच आहेत.

आता चंद्र कुठे द्यायचा? इथे लोक इंग्रजी शब्दकोशातला उच्चार काढून बसतात आणि गोंधळात पडतात. मराठीतलं मान्य लेखन मराठी माणसाच्या तोंडातल्या उच्चारावर चालतं, इंग्रजाच्या नाही. ‘हॉटेल’ घ्या. इंग्रजीत त्या शब्दाच्या सुरुवातीला ‘हो’ आहे, पण मराठीत ‘होटेल’ कुणी म्हणत नाही, म्हणून ‘हॉटेल’ हेच बरोबर. ‘टॉवर’, ‘पॉवर’, ‘शॉवर’, ‘टॉवेल’ यांत इंग्रजीत ‘आउ’सारखा जोडस्वर आहे, मराठीने चारही ठिकाणी ‘ऑ’ केला आणि तोच रुळला. ‘कॉम्प्युटर’मध्ये इंग्रजीत पहिला स्वर जवळजवळ ‘अ’ आहे, आपण स्पष्ट ‘कॉ’ म्हणतो. आणि ‘टोमॅटो’तला मधला ‘मॅ’ ब्रिटिश इंग्रजीत ‘मा’ आहे. या शब्दांना इंग्रजी उच्चाराच्या दिशेने ‘सुधारायला’ जाणं म्हणजे नसता उद्योग आहे.

एक जागा मात्र अशी आहे जिथे मराठी लेखन वरवर अगदी मनमानी वाटतं आणि खोलात गेल्यावर तसं नसतं. ‘कोर्ट’, ‘बोर्ड’, ‘पोर्ट’, ‘रिपोर्ट’, ‘कोर्स’, ‘फोर्स’, ‘फोर्ट’ यांना आपण चंद्र देत नाही. ‘फॉर्म’, ‘ऑर्डर’, ‘नॉर्मल’, ‘हॉर्न’, ‘शॉर्ट’, ‘कॉर्नर’, ‘टॉर्च’ यांना देतो. आजच्या लंडनच्या इंग्रजीत या दोन्ही गटांत एकच स्वर आहे. ‘कोर्ट’ आणि ‘शॉर्ट’ यांचं तिथे यमक जुळतं. मग आपण दोन वाटे का केले? स्पेलिंग बघून म्हणावं तर ‘फोर्ट’ आणि ‘फॉर्म’ दोन्हींत तेच अक्षर आहे. खरी गोष्ट अशी, की पूर्वी इंग्रजीतच हे दोन वेगळे स्वर होते. दक्षिण इंग्लंडमध्ये ते पुढे एकमेकांत मिसळले. स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या बोलीत अजून वेगळे ऐकू येतात, आणि भारतीय इंग्रजीतही बऱ्याच प्रमाणात टिकून आहेत. आपली वाटणी त्या जुन्या भेदाशी जवळपास शब्दागणिक जुळते. तेव्हा कुणी ‘कोर्ट’चं ‘कॉर्ट’ करायला सांगितलं तर ऐकू नये. ‘कोर्ट’ हे रूप अडाणीपणाचं नाही. उलट ते जुनं आहे.

उरलेल्या शब्दांत फारशी अडचण येत नाही. ‘फोन’, ‘नोट’, ‘कोट’, ‘बोट’ यांत स्पष्ट ‘ओ’ आहे, चंद्र नको. ‘बस’, ‘ट्रंक’, ‘पंप’ यांत ‘अ’ आहे, तिथेही नको. विभक्तीचे प्रत्यय लागल्यावर चंद्र जागचा हलत नाही: डॉक्टरांना, बँकेतून, कॅमेऱ्याने, कॉलेजात. कथेतल्या संवादात कुणी ‘डागदर’ म्हणत असेल तर तसंच लिहावं. तो त्या पात्राचा उच्चार आहे. बातमीत, अर्जात, पाटीवर ‘डॉक्टर’.

आता टिंबाकडे येऊ. ‘बँक’मधलं टिंब म्हणजे साधा अनुस्वार, ‘रंग’मधला किंवा ‘अंक’मधला. ‘बॅ’ या अक्षरावर अनुस्वार आला, पुढे ‘क’ आहे, म्हणून तो ‘ङ्’ असा वाचायचा. चंद्र स्वर दाखवतो, टिंब अनुनासिक दाखवतं. दोन्ही एकाच अक्षरावर आले आणि टिंब चंद्राच्या कुशीत बसलं, इतकंच. गंमत अशी की अगदी याच आकाराची एक स्वतंत्र खूण देवनागरीत आधीपासून आहे. ती म्हणजे हिंदीतल्या ‘चाँद’, ‘हाँ’ यांतला चंद्रबिंदू. त्या खुणेत चंद्राचा ‘ॲ’शी काहीही संबंध नाही, ती अख्खी खूण ‘स्वर नाकातून म्हणा’ एवढंच सांगते. मराठी लेखनात हे काम वेगळं दाखवायची पद्धत नाही. म्हणून मराठी वाचकाला ती खूण दिसली की तो ती ‘ॲ अधिक अनुस्वार’ अशीच वाचतो, आणि कान्यासोबत आली तर ‘ऑ अधिक अनुस्वार’. हिंदीभाषकाने मराठी ‘बँक’ वाचला तर त्याला तो नाकातला ‘बँ’ वाटेल. खूण तीच, वाचन वेगळं.

अनुस्वार कुठे द्यायचा आणि कुठे ‘न्’ किंवा ‘म्’ लिहायचा, यालाही कारण आहे. ‘क’ आणि ‘ग’च्या आधी प्रश्नच नाही: बँक, टँक, गँग, हँगर. ‘ट’ आणि ‘ड’च्या आधीही अनुस्वारच चांगला: स्टँड, बँड, ब्रँड. इथे ‘स्टॅन्ड’ लिहिलं तर दंत्य ‘न’ आणि मूर्धन्य ‘ड’ यांचा बेबनाव होतो. अनुस्वार आपोआप ‘ण्’ होऊन बसतो. ‘प’ आणि ‘ब’च्या आधी दोन्ही चालतं: कँप आणि कॅम्प, बाँब आणि बॉम्ब. पण ‘स’च्या आधी अनुस्वार देऊ नये. मराठीत ‘संसार’, ‘हंस’, ‘मांस’ म्हणताना अनुस्वाराचा उच्चार ‘व’कडे झुकतो, ‘न’ राहत नाही. ‘कँसर’ लिहिलं तर मराठी नियमाने तो ‘कॅव्ँसर’च्या जवळपास वाचावा लागेल. आपण म्हणतो ‘कॅन्सर’, म्हणून लिहायचंही ‘कॅन्सर’. ‘लायसन्स’, ‘डान्स’, ‘ॲडव्हान्स’ यांनाही हाच न्याय.

आता संगणक. तिथे अक्षर म्हणजे एक क्रमांक, आणि दिसायला सारखी असलेली दोन अक्षरं त्याच्या लेखी पूर्ण वेगळी असू शकतात. हे क्रमांक ठरवणाऱ्या ‘युनिकोड’ या जागतिक तक्त्यात अर्धचंद्राचा क्रमांक `U+0945`, अनुस्वाराचा `U+0902`, आणि हिंदीच्या चंद्रबिंदूचा `U+0901`. ‘बँक’ हा शब्द म्हणून दोन प्रकारे टंकता येतो:

```python
a = "ब\u0901क"         # ब, चंद्रबिंदू, क
b = "ब\u0945\u0902क"   # ब, अर्धचंद्र, अनुस्वार, क
print(a == b)          # False
```

पहिल्यात तीन चिन्हं, दुसऱ्यात चार. बऱ्याच फाँटांत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. काही फाँटांत दुसऱ्या प्रकारचं टिंब चंद्राच्या उजवीकडे जरासं सरकलेलं असतं. युनिकोडमध्ये सारख्या अक्षरांना एकरूप करण्याची एक सोय आहे, पण ती या जोडीला लागू होत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ही सारखी अक्षरं नाहीतच. कान्यासोबत हेच होतं. ‘काँग्रेस’ म्हणजे काना आणि चंद्रबिंदू, किंवा ‘ऑ’ची खूण `U+0949` आणि अनुस्वार. एकाच बातमीत शीर्षकात एक आणि मजकुरात दुसरं, असंही सापडतं.

याचा त्रास कसा होतो ते एका यादीवर पाहू. समजा एका पतसंस्थेच्या सभासदांची खाती कुठल्या बँकांत आहेत याचा तक्ता आहे. अर्धी नोंद एकाने केली, अर्धी दुसऱ्याने. तुम्ही शोधखिडकीत ‘बँक’ टंकता आणि अर्ध्याच ओळी सापडतात. उरलेल्या डोळ्यांना दिसतायत, शोधाला दिसत नाहीत. मग तुम्ही यादी अकारविल्हे लावता. साध्या कोडक्रमाने लावली तर चंद्रबिंदूचा ‘बँक’ ‘बंगला’ आणि ‘बटाटा’ यांच्याही आधी, ‘ब’च्या अगदी तोंडाशी जातो. अर्धचंद्र-अनुस्वाराचा ‘बँक’ ‘बूट’च्या नंतर आणि ‘बेट’च्या आधी, ‘बॅग’ला लागून बसतो. दिसायला एकच शब्द, यादीच्या दोन टोकांना.

आपल्या मजकुरात कुठला प्रकार आहे हे ओळखायला साधी चाचणी पुरते. कर्सर ‘बँ’ आणि ‘क’ यांच्या मध्ये ठेवा आणि बॅकस्पेस एकदा दाबा. बहुतेक ठिकाणी ही कळ एका वेळी एकच चिन्ह खोडते. उरलं ‘ब’ तर तो चंद्रबिंदू होता. उरलं ‘बॅ’ तर दोन चिन्हं होती.

दोन्हींतला बरोबर कुठला? व्याकरणाचं विचाराल तर अर्धचंद्र आणि अनुस्वार. मराठीत त्या जागी खरोखर तेच आहे, आणि शब्दकोशाच्या क्रमातही शब्द ‘बॅग’शेजारी पडतो, जिथे तो असायला हवा. पण प्रत्यक्षात मराठी मजकुरात चंद्रबिंदूचं रूप उदंड आहे. टंकायला सोपं, जवळपास प्रत्येक फाँटात नीट दिसतं, आणि मराठीत चंद्रबिंदूला दुसरं काम नसल्यामुळे वाचताना गैरसमज होत नाही. माझं मत विचाराल तर रोजच्या लेखनात चंद्रबिंदू वापरायला हरकत नाही. कोश, सूची, अनुक्रमणिका करणाऱ्याने मात्र क्रम लावताना तो चंद्र आणि अनुस्वार असा सोडवून घ्यावा. एका कागदपत्रात दोन्ही प्रकार मिसळणं तेवढं टाळायचं.

‘ॲ’ची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. ‘ॲप’ किंवा ‘ॲड’ लिहिताना मराठी माणूस ‘अ’ काढतो आणि वर चंद्र देतो. युनिकोडमध्ये सुरुवातीला हे अक्षरच नव्हतं. होतं ते `U+090D`, म्हणजे ‘ए’वर चंद्र: ‘ऍ’. मराठी डोळ्याला ते परकं. शाळेत असं अक्षर कुणी गिरवलेलं नाही. अनेकांनी नाइलाजाने तेच वापरलं, म्हणून जालावरच्या जुन्या मराठी लेखनात ‘ऍड’, ‘ऍसिड’ भरपूर दिसतं. काहींनी ‘अ’ टंकून पुढे अर्धचंद्र दिला. पण काही प्रणाल्या असा चंद्र ‘अ’वर बसवायला तयार नसत, तो शेजारी एका ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे. त्यावर तोडगा म्हणून दोहोंच्या मध्ये `U+200D` हे न दिसणारं जोडचिन्ह घालायची पद्धत पडली. ते अजूनही अनेक ठिकाणी टिकून आहे, आणि दिसत नसल्यामुळे सर्वांत जास्त छळतं. शेवटी २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत खास मराठीचा ‘ॲ’ आला: `U+0972`. आता तोच वापरायचा. बाकीची तीनही रूपं जुन्या मजकुरातली अडगळ समजावी.

‘ॲ’वर अनुस्वार आला की दोन्ही कहाण्या एकत्र येतात. ‘अँजिओग्राफी’, ‘अँटेना’, ‘अँड्रॉइड’ हे शब्द ‘अ’ आणि चंद्रबिंदू असेही लिहितात, ‘ॲ’ आणि अनुस्वार असेही. त्यामुळे जुना मजकूर साफ करताना क्रम सांभाळावा लागतो: आधी सगळे ‘ॲ’ एका रूपात आणायचे, मग अनुस्वाराच्या जोड्या हाताळायच्या. उलट केलं तर मधलं अदृश्य चिन्ह मागे राहतं आणि शोध पुन्हा अडतो. चंद्रबिंदूचं रूप ठेवायचं ठरवलं असेल तर पुरेसं आहे ते एवढं:

```python
s = s.replace("\u0905\u200d\u0945", "\u0972")
s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
s = s.replace("\u090d", "\u0972")
s = s.replace("\u0972\u0902", "\u0905\u0901")
s = s.replace("\u0911\u0902", "\u0906\u0901")
s = s.replace("\u0949\u0902", "\u093e\u0901")
s = s.replace("\u0945\u0902", "\u0901")
```

पहिल्या तीन ओळी ‘ॲ’ एक करतात, पुढच्या चार ‘अँ’, ‘आँ’, ‘काँ’ आणि ‘बँ’ या जोड्या. मजकुरात कुठे हिंदी उतारे असतील तर या दिशेने त्यांच्यातल्या ‘चाँद’ला, ‘हाँ’ला धक्का लागत नाही. उलट दिशेने, म्हणजे प्रत्येक चंद्रबिंदूचे चंद्र आणि अनुस्वार करायला गेलात, तर हिंदी ‘हाँ’चा ‘हॉं’ होऊन बसेल आणि दिसायला तो तसाच असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येणार नाही. ती दिशा घ्यायचीच असेल तर हिंदी भाग आधी बाजूला काढून ठेवावा.